दुधाची बाटली उकळूनही ढगाळ का राहते?

बाटली घासली, उकळली, पालथी घातली. सुकल्यावर उजेडाकडे धरून पाहिली तर आतून पांढुरकी दिसते, गार आरशावर वाफ धरावी तशी. बोट घातलं तर कधी ओशट लागते, कधी किंचित खरखरीत, तर कधी काहीच लागत नाही. मग साबण वाढवला जातो, उकळण्याची मिनिटं वाढतात, आणि दोन-तीन आठवड्यांनी थर पहिल्यापेक्षा दाट झालेला असतो.

ज्याला आपण ‘थर’ म्हणतो, ती एकच गोष्ट नसते. त्यात तीन भिडू असतात: दुधातली प्रथिनं, दुधातला स्निग्धांश आणि पाण्यातले क्षार. तिघांवरचा उपाय वेगळा आहे. त्यातही खरी गोम क्रमाची, कारण क्रम चुकला तर एकाला घालवायचा उपाय दुसऱ्याला आणखी घट्ट बसवतो.

आधी गरम पाणी नको

दुधाचं पातेलं रिकामं झालं की त्यात लगेच गार पाणी ओतून ठेवायचं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. नाहीतर खरवड तळाला अशी धरते की कालथ्याने खरवडावी लागते. बाळाच्या बाटलीत तेच घडतं, फक्त थर इतका पातळ असतो की दिसत नाही.

दूध फाडल्यावर जे हिरवट पाणी उरतं, त्यात विरघळलेली प्रथिनं असतात. दुधाचं तापमान साधारण 70 अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की ही प्रथिनं उलगडतात, एकमेकांना चिकटतात आणि जवळच्या पृष्ठभागालाही धरतात. खरवडीत हीच असतात, सायीतही असतात. आता विचार करा: बाटलीत दुधाचे चार थेंब उरलेले आहेत आणि कुणीतरी ‘स्वच्छ व्हावी’ म्हणून त्यात उकळतं पाणी ओतलं, किंवा नुसती विसळून ती थेट आधणात टाकली. त्या चार थेंबांची खरवड बाटलीच्या भिंतीला लागली. पुढच्या वेळचं दूध गुळगुळीत प्लास्टिकपेक्षा या थरावर सहज बसतं, आणि असं दिवसातून सहा-आठ वेळा होतं.

म्हणून पहिलं पाणी साधं किंवा कोमट, बाळाला अंघोळ घालताना जेवढं कोमट घेतो तेवढंच. त्यात साबणही नको. बाटली अर्धी भरून जोरात हलवायची, ओतायची, पुन्हा भरायची. ओतलेलं पाणी पांढुरकं दिसायचं थांबेपर्यंत, म्हणजे बहुधा तीनदा. दुधातली साखर आणि ताजी, न चिकटलेली प्रथिनं एवढ्यानेच निघून जातात.

वेळही तितकीच महत्त्वाची. बाळाने दूध संपवल्यावर बाटली पंख्याखाली पडून राहिली की खांद्यापाशी आणि निपलच्या मुळाशी दूध सुकायला लागतं, आणि सुकलेलं दूध विसळून निघत नाही. रात्री दोन वाजता उठून कुणी बाटली घासणार नाही, तशी अपेक्षाही नाही. पण झाकणाचं कडं काढून, उरलेलं दूध टाकून, बाटलीत गळ्यापर्यंत साधं पाणी भरायचं आणि निपल पाण्याच्या वाटीत बुडवून ठेवायचं, एवढं झोपेतही होतं. सकाळी उठल्यावर मात्र ती आधी धुवायची. दुधाळ पाण्यात जंतू मजेत वाढतात, ते दुपारपर्यंत ठेवायचं पाणी नव्हे. आणि उरलेलं दूध नंतर पाजायला ठेवू नये. पावडरीच्या दुधाला बाळाचं तोंड लागलं की तासाभराच्या आत ते संपवायचं किंवा टाकायचं.

मग गरम पाणी आणि साबण

स्निग्धांशाचं वागणं उलटं. गार पाण्याने तो थिजतो आणि भिंतीला लोण्यासारखा लागून राहतो. पावडरीच्या दुधात तर वनस्पती तेलं मिसळलेली असतात, त्यांचा ओशटपणा नुसत्या पाण्याने जात नाही. इथे पाणी गरमच हवं, हाताला सोसवेल इतकं, आणि साबणही हवा. प्रथिनांना गरम नको, तेलाला गरम हवं. हा पेच ‘आधी कोमट, मग गरम’ या क्रमाने सुटतो.

एक लिटर गरम पाण्याला भांडी घासायचा द्रव साबण अर्धा छोटा चमचा पुरतो. जास्त घातला तर फेसच फेस होतो, आत काय राहिलंय ते दिसत नाही, आणि निपलच्या घड्यांमधून साबण काढायला दुप्पट पाणी लागतं. भांड्यांची वडी बाटलीला वापरू नये. तिच्यात घासायला बारीक खडा असतो. तो स्टीलला चालतो, पण प्लास्टिकवर ओरखडे पाडतो. तारेच्या घासणीचंही तेच.

हे पाणी सिंकमध्ये साठवायचं नाही. सिंकमध्ये कच्चं मांस, माती लागलेली भाजी, खरकटं, सगळं येऊन गेलेलं असतं. बाळाच्या सामानाला एक वेगळं छोटं घमेलं किंवा टोप ठेवावा आणि ब्रशही वेगळा असावा. काचेच्या बाटलीला नायलॉनचा ब्रश चालतो, प्लास्टिकला स्पंजच्या टोकाचा बरा. ब्रशच्या टोकाला पीळ दिलेली तार उघडी पडली असेल तर तो ब्रश गेला समजा, तळाला गोल गोल ओरखडे तीच पाडते.

थर लपतो कुठे

बाटलीची भिंत घासणं सोपं आहे, आणि म्हणून लोक तीच घासतात. थर सुरू होतो भलतीकडेच.

निपल हातात घेऊन पाहा. टोकाला दूध यायचं भोक असतं. खालच्या पसरट कडेला बहुतेक निपलांत आणखी एक बारीक छिद्र किंवा चीर असते, ती हवेची. बाळ दूध ओढतं तेव्हा बाटलीत पोकळी होते, ती भरायला हवा इथून आत येते. या चिरेत दुधाचा पापुद्रा बसला की हवा अडते, निपल चपटं होतं, बाळ ओढून ओढून दमतं आणि चिडतं. घरातले म्हणतात बाळाला हे दूध आवडत नाही. ही चीर ओली करून बोटांनी हलकेच चोळायची, म्हणजे ओठ उघडल्यासारखी उघडते. त्यात सुई घालायची नाही.

दुसरी जागा निपलच्या आत, जिथे निमुळता भाग पसरट कडेला मिळतो ती खाच. तिथे मोठा ब्रश पोहोचत नाही. निपलचा छोटा ब्रश नसेल तर साबणाचं बोट आत घालून गोल फिरवायचं. मग निपलमध्ये साबणाचं पाणी भरून, खालून तळव्याने बंद करून दाबायचं. भोकातून सरळ बारीक धार आली पाहिजे. धार वाकडी गेली किंवा थेंब थेंब आला तर भोकाच्या कडेला सुकलेलं दूध आहे. कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवून पुन्हा दाबा. टाचणीने मोकळं करायला गेलं तर भोक फाटून मोठं होतं, मग दूध भसकन येतं आणि बाळाला ठसका लागतो.

तिसरी जागा झाकणाच्या कड्याचे आटे. निपल कड्यात बसवलेलं तसंच ठेवून धुतलं तर त्या दोघांच्या मधल्या गोल फटीत दूध महिनोन्‌महिने राहू शकतं. कुबट वास येतो पण बाटली तर स्वच्छ दिसते, अशा तक्रारीत चोर बहुधा इथे सापडतो. निपल कड्यातून दर वेळी ओढून बाहेर काढायचंच. बाटलीच्या बाहेरच्या बाजूचे आटेही ब्रशने घासायचे.

जुन्या घरांतलं चांदीचं बोंडलं आठवतं ना? उघडं, सगळीकडे बोट पोहोचेल असं. बाटलीऐवजी वाटी-चमचा वापरा असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, त्यामागे हेही एक कारण आहे. वाटीला लपायला जागा नसते.

पांढरी, खरखरीत पूड म्हणजे दूध नव्हे

आता तिसरा भिडू. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी जिथे वापरात आहे, तिथे गिझरच्या कॉइलवर आणि पाणी तापवायच्या भांड्यात पांढरा थर बसतो. बाटलीवरही तोच बसतो. जड पाण्यात विरघळलेले कॅल्शियमचे क्षार असतात. पाणी उकळलं की त्यातले काही न विरघळणारे होतात आणि जे समोर असेल त्यावर बसतात. बाटली समोर असते. म्हणजे जितकं जास्त उकळाल तितकी ढगाळ. त्यात भर म्हणून काही घरांत उकळायच्या पातेल्यातलं पाणी टाकून न देता रोज त्यातच वाढवत जातात. पाण्याची वाफ होते, क्षार मात्र मागे राहतात, त्यामुळे आठवडाभरात ते पाणी मुळापेक्षाही जड झालेलं असतं.

क्षारांवर साबण चालत नाही, आंबट चालतं. पांढरं व्हिनेगर आणि पाणी सारख्या प्रमाणात, किंवा अर्धा लिटर कोमट पाण्यात एक छोटा चमचा लिंबूसत्व. यात 20 ते 30 मिनिटं बुडवायचं, मऊ ब्रश फिरवायचा आणि वाहत्या पाण्याखाली वास जाईपर्यंत धुवायचं.

पण लोक इथे एक चूक हमखास करतात. थर दिसला की सरळ व्हिनेगर ओततात. थरात दूध असेल तर आंबट पडल्यावर दुधाचं काय होतं? फाटतं. पनीर करताना आपण मुद्दाम जे करतो तेच इथे नकळत होतं. प्रथिनं गोठून बसतात आणि खालच्या क्षारापर्यंत आंबट पोहोचतच नाही. म्हणून साबण आधी, आंबट नंतर, आणि मधे साबण पूर्ण निघेपर्यंत धुणं.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फसफसवणं दिसायला छान असतं, पण दोघं एकमेकांना मारतात, उरतं ते जवळपास साधं पाणी. आणि निर्जंतुक करायला क्लोरीनचं द्रावण वापरत असाल तर त्याच्या जवळपासही व्हिनेगर किंवा लिंबूसत्व येऊ देऊ नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. निर्जंतुक करणं वेगळ्या दिवशी असो की त्याच दिवशी, मधे बाटली भरपूर पाण्याने धुतलेली हवी.

कुठला थर आहे हे ओळखायचं कसं

बाटली आधी पूर्ण कोरडी करा. ओल्या बाटलीत थर दिसत नाही, म्हणूनच घासताना स्वच्छ वाटलेली बाटली सुकल्यावर दगा देते. मग खिडकीपाशी नाही, तर अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च बाहेरून तिरका लावून आत पाहा.

कोरडं बोट फिरवल्यावर घसरतं आणि बोटाला तेलकट वास येतो, तर स्निग्धांश. नखाने पापुद्रा निघतो किंवा गरम पाणी घातल्यावर भिंत बुळबुळीत लागते, तर प्रथिनं, आणि बहुधा त्यांच्या आडोशाला वाढलेले जंतूही. खरखरीत, खडूसारखा पांढरा थर असेल तर व्हिनेगरचा एक चमचा त्या जागी पाच मिनिटं ठेवून धुवा आणि सुकवा. तेवढा डाग नितळ झाला तर ते क्षार.

तिन्ही नाहीत आणि तरी ढगाळ दिसते? ओली असताना नितळ, सुकल्यावर ढगाळ आणि व्हिनेगरने काही फरक नाही, तर ते बारीक ओरखडे आहेत. ते धुऊन जाणार नाहीत, आणि दूध त्यांच्यातच धरून बसतं. ती बाटली बदलायची.

पाण्याचे मणी दिसले म्हणजे तेल राहिलं, ही काचेची परीक्षा प्लास्टिकला लावू नका. काच स्वच्छ असेल तर पाणी तिच्यावर एकसारखं पसरतं, पण पॉलिप्रॉपिलीनची बाटली अगदी नवी असली तरी तिच्यावर पाण्याचे मणी होतातच. सिलिकोनच्या निपलचीही एक गंमत आहे. उकळल्यावर ते पाणी शोषून दुधी दिसतं आणि नीट सुकलं की पुन्हा पारदर्शक होतं. तो थर नव्हे, त्याला घासत बसू नका.

एका बाटलीचं उदाहरण

250 मिलीची पॉलिप्रॉपिलीनची बाटली, दोन महिने वापरातली. पावडरीचं दूध, बोअरचं पाणी. रोज रात्रीची बाटली सकाळी नुसती विसळून आधणात जाते. आत 120 मिलीच्या खुणेपर्यंत पांढुरकेपणा आहे, गळ्यापाशी पिवळट कडं आणि कड्याला आंबूस वास.

सुरुवात सगळं सुटं करण्यापासून: बाटली, कडं, निपल, वरचं झाकण आणि प्रवासात लावायची चकती असेल तर तीही. सगळं कोमट साध्या पाण्यात 15 मिनिटं, म्हणजे सुकलेलं दूध फुगून सैल होतं. मग एक लिटर गरम पाण्यात अर्धा छोटा चमचा साबण घालून त्यात अर्धा तास. जुना थर ब्रशच्या जोराने नाही, वेळ दिल्याने सुटतो. गळ्याचं पिवळट कडं आता ब्रशच्या दोन-चार फेऱ्यांत निघतं, कड्याच्या आट्यातून राखाडी चिकटा बाहेर येतो. साबण धुऊन काढायचा, बाटली सुकवायची, टॉर्चने पाहायचं. 120च्या खुणेखाली अजून खडूसारखा थर आहे, म्हणजे क्षार. लिंबूसत्वाचं पाणी 20 मिनिटं, ब्रश, वाहतं पाणी. आता बाटली नितळ झाली, पण तळाला ब्रशच्या तारेने पाडलेली वर्तुळं तशीच राहिली. ही बाटली बाद करावी. निपल आणि कडं निरोगी निघाले तर नव्या बाटलीला चालतील. एवढं करून आंबूस वास राहिलाच, तर तो बहुधा निपलच्या हवेच्या चिरेतला असतो. ते निपलही बदला, ते बाटलीपेक्षा स्वस्त आहे.

उकळणं शेवटी

उकळणं म्हणजे धुणं नव्हे. दुधाच्या थराखाली बसलेल्या जंतूंपर्यंत उष्णता नीट पोहोचेल याची खात्री नसते, म्हणून आधी बाटली दिसायला आणि हाताला स्वच्छ हवी. दोन महिन्यांच्या आतलं, वेळेआधी जन्मलेलं किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं बाळ असेल तर निर्जंतुक करणं रोजचं ठेवावं. ब्रिटनची आरोग्यसेवा तर वर्षाच्या आतल्या सगळ्याच बाळांसाठी हे सांगते, आणि पाण्याचा भरवसा नसेल तिथे तेच धोरण बरं.

खोल पातेल्याच्या तळाला स्टीलची जाळी ठेवा, म्हणजे प्लास्टिक तापलेल्या तळाला टेकणार नाही. सगळे भाग पूर्ण बुडाले पाहिजेत. बाटली आडवी करून आतला हवेचा बुडबुडा काढून टाका, कारण जिथे हवा अडकली तिथे पाणी लागत नाही. काचेची बाटली गार पाण्यातच ठेवून मग गॅस लावायचा, थेट आधणात टाकली तर तडकते. पाणी खळखळून उकळायला लागलं की वेळ मोजायची. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी 5 मिनिटं सांगते, ब्रिटनची आरोग्यसेवा एनएचएस किमान 10. पाणी जड असेल तर फिल्टरचं, शक्यतो आरओचं पाणी वापरा आणि दर वेळी नवं घ्या. विजेवरच्या वाफेच्या भांड्याच्या तव्यावरही क्षार बसतात, त्यालाही लिंबूसत्वाचं तेच पाणी.

स्वच्छ हातांनी, चिमट्याने भाग बाहेर काढायचे आणि पुसायचे नाहीत. ओट्यावरच्या फडक्याने पुसलं तर उकळणं फुकट गेलं. जाळीवर सुटे सुटे ठेवून निथळू द्या. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, बाटली आतून सुकायला अर्धा दिवसही लागतो. ती ओलसर असताना झाकण लावून ठेवू नका, बंद ओलाव्यात कुबट वास धरतोच. निथळायला जागाच नसेल तर झाकण ठेवलेल्या त्याच पातेल्यात भाग राहू द्या आणि दूध करायच्या वेळी काढा.

ब्रश आणि घमेलंही दोन-चार दिवसांनी साबणाने धुऊन उकळत्या पाण्यातून काढायचं, ब्रश उभा सुकवायचा. निपल दर आठवड्याला टोकाला धरून ओढून पाहा. चिकट लागलं, फुगलं, पातळ झालं किंवा भोकापाशी चीर दिसली की टाकून द्या. पिवळसर तपकिरी रबराचं निपल सिलिकोनपेक्षा लवकर या वाटेला लागतं, कारण दुधातला स्निग्धांश रबरात मुरतो.